डिव्हायडरमधल्या कटमधून यू टर्न: कुठे घ्यायचा, कधी घ्यायचा आणि कुठे सोडून द्यायचा

मी मुंबईच्या पश्चिम उपनगरांत गाडी चालवायला शिकवतो. लायसन्स हातात आल्यावरही बरेच जण परत येतात, आणि त्यातल्या बहुतेकांची तक्रार एकच असते: "सर, बाकी सगळं जमतं, पण यू टर्नला धडकी भरते." त्यांना गाडीत बसवून लिंक रोडला नेलं की लक्षात येतं, स्टिअरिंगमध्ये काहीच चूक नसते. चूक त्याआधी झालेली असते. डिव्हायडर जिथे तुटलेला दिसला तिथे वळायची परवानगी आहे, असं त्यांनी धरलेलं असतं. कटमध्ये थांबलेली गाडी सुरक्षित असते, असंही धरलेलं असतं. दोन्ही गोष्टी प्रत्येक वेळी तपासाव्या लागतात.

हा लेख सिग्नल नसलेल्या कटबद्दल आहे, त्यातही मेट्रोचे खांब डिव्हायडरमध्ये उभे असलेल्या रस्त्यांबद्दल. न्यू लिंक रोडवर मेट्रो २ अ आणि वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर मेट्रो ७ आल्यापासून खांबांची ही रांग आपल्या रोजच्या रस्त्याचा भाग झाली आहे, आणि जुन्या सवयीने घेतलेला यू टर्न तिथे चालत नाही.

टप्पा १: वळायला परवानगी आहे का, हे आधी ठरवा

हे कटपाशी पोहोचल्यावर बघायचं नसतं. निदान शंभर-दीडशे मीटर आधी नजर बोर्डांवर हवी.

लाल वर्तुळात उलटा वळलेला बाण आणि त्यावर आडवी लाल रेघ दिसली, तर विषय संपला. पुढे कट उघडा असो, चार रिक्षा तिथून वळत असोत, तुम्ही वळायचं नाही. लाल काठाच्या त्रिकोणी बोर्डवर दुभाजकातली फट दाखवलेली असेल, तर त्याचा अर्थ लोक हमखास चुकवतात. तो बोर्ड परवानगी देत नाही, तो सावध करतो. पुढे डिव्हायडर तुटलेला आहे, तिथून कुणीतरी आडवं येऊ शकतं, एवढंच तो सांगतो. सरळ जाणाऱ्यासाठीही तो तितकाच आहे.

डिव्हायडर नसलेल्या रस्त्यावर जमिनीकडे बघा. मध्ये सलग दुहेरी पिवळी रेघ असेल तर ती ओलांडून वळता येत नाही. पूल, फ्लायओव्हर, वळण आणि चढाचा माथा इथे बोर्ड असो वा नसो, यू टर्न घेऊ नका, कारण समोरच्याला तुम्ही वेळेत दिसत नाही. कोस्टल रोड, सी लिंक आणि ईस्टर्न फ्रीवेवर तर प्रश्नच येत नाही. तिथे एक्झिट चुकली की पुढच्या एक्झिटला उतरायचं.

सिग्नलच्या चौकात फक्त सरळ जाणारा हिरवा बाण लागला असेल, तर यू टर्नसाठी तुमचा सिग्नल लालच आहे. उजवीकडचा बाण हिरवा होईपर्यंत थांबा. जिथे उजवं वळण बंद आहे, तिथे यू टर्नही बंद आहे असंच मी शिकवतो. हवालदार उभा असेल तर त्याचा हात सिग्नलच्या वर.

तिसरी गोष्ट, कट खरा आहे का? नियोजित कटला दोन्ही बाजूंनी डिव्हायडरची टोकं गोलाकार बांधलेली असतात, त्यावर काळे-पिवळे पट्टे किंवा रिफ्लेक्टर असतात. टोक वेडंवाकडं तुटलेलं, खाली दगड किंवा लोखंडी सळी दिसते, बॅरिकेड ढकलून जेमतेम स्कूटर जाईल एवढी जागा केलेली, असं असेल तर तो कट नाही. तो कुणीतरी फोडलेला डिव्हायडर आहे. समोरून येणाऱ्याला तिथून कुणी निघेल अशी कल्पनाही नसते.

> सावधान: चुकलेल्या कटकडे परत येण्यासाठी डिव्हायडरच्या कडेने उलटं येऊ नका. २०१९च्या दुरुस्तीनंतर वाहतुकीच्या उलट दिशेने गाडी चालवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक वाहनचालन ठरतं. पहिल्याच गुन्ह्याला १ हजार ते ५ हजार रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

टप्पा २: तुमची गाडी त्या कटमध्ये मावते का?

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात, म्हणून इथे जरा थांबू या.

समजा, खांबांचा डिव्हायडर अडीच मीटर रुंद आहे. साधी हॅचबॅक साधारण ३.७ मीटर लांब असते. म्हणजे तुम्ही कटमध्ये आडवे उभे राहिलात, तर गाडीचा एक मीटरहून जास्त भाग बाहेर राहणारच. एकतर मागचा बंपर तुमच्या बाजूच्या फास्ट लेनमध्ये, नाहीतर बॉनेट समोरच्या बाजूच्या फास्ट लेनमध्ये. दोन्हीकडे उजवी लेन ही वेगाची लेन असते, आणि तुम्ही तिथे शून्य वेगाने उभे असता. कटमध्ये थांबलेल्या गाडीला मागून बसणारे धक्के इथून येतात.

आता उतरण्याची जागा. हॅचबॅकला पूर्ण स्टिअरिंग तोडून फिरायला साधारण ९.४ मीटर व्यासाची जागा लागते. तुम्ही डिव्हायडरपासून अर्धा मीटर सोडून उभे आहात आणि गाडी १.७ मीटर रुंद आहे, म्हणजे बाहेरचं, डावीकडचं चाक डिव्हायडरपासून २.२ मीटरवर आहे. त्यात डिव्हायडरचे अडीच मीटर मिळवले की ४.७ मीटर झाले. उरलेले ४.७ मीटर समोरच्या रस्त्यावर खर्च होतात. लेन ३.५ मीटरची असते. म्हणजे पूर्ण स्टिअरिंग तोडूनसुद्धा हॅचबॅक फास्ट लेन अख्खी अडवते आणि मधल्या लेनमध्ये मीटरभर शिरते. मोठी एसयूव्ही असेल, फिरायला साडेअकरा मीटर लागत असतील, तर मधली लेनही जवळजवळ पूर्ण जाते.

यातून एक सरळ हिशोब निघतो. समोरची फक्त फास्ट लेन रिकामी आहे एवढं बघून वळायचं नाही. हॅचबॅकला दोन लेन रिकाम्या हव्यात, मोठ्या गाडीला तिन्ही. तीन लेन मिळत नाहीत म्हणून एसयूव्ही मध्येच थांबते, रिव्हर्स घेते, पुन्हा पुढे येते आणि तेवढ्या वेळात दोन्ही रस्ते अडतात, हे दृश्य तुम्ही रोज बघत असाल.

> तपासा: गाडीच्या मॅन्युअलमध्ये टर्निंग रेडियस दिलेला असतो. त्याची दुप्पट म्हणजे तुम्हाला लागणारी जागा. तो आकडा एकदा पाठ करा. एखाद्या रविवारी सकाळी रिकाम्या मैदानात दोन खडूच्या रेघा मारून खात्री करून घ्या.

टप्पा ३: लेन आणि इंडिकेटर

यू टर्न सर्वांत उजव्या लेनमधूनच घ्यायचा. डाव्या लेनमधून मोठं वळण मिळतं म्हणून बाहेरून वळणारे आणि उजवीकडून सरळ चाललेली मोटारसायकल, ही टक्कर मी दोनदा डोळ्यांसमोर पाहिली आहे. दोन्ही वेळा वळणाऱ्याने इंडिकेटर दिला होता. पण डाव्या लेनमधून उजवा इंडिकेटर देणारी गाडी लेन बदलेल, असंच मागचा समजतो. ती आडवी होईल हे त्याच्या डोक्यात येत नाही.

क्रम असा ठेवा. कटच्या दीडशे मीटर आधी आतला आरसा, मग उजवा आरसा, मग मान किंचित उजवीकडे वळवून खांद्यामागची जागा. मग इंडिकेटर. मग लेन. लेनमध्ये आल्यावरही इंडिकेटर चालू ठेवा आणि ब्रेक हळूहळू, लवकर लावायला सुरुवात करा. मागच्याला ब्रेक लाइट दिसत राहायला हवा. फास्ट लेनमध्ये एकदम करकचून ब्रेक मारणं हे मागून ठोकून घेण्याचं निमंत्रण आहे.

आरशात बघताना मागची गाडी जवळ चिकटली आहे आणि वेग कमी करत नाही असं वाटलं, तर कट सोडून द्या. इंडिकेटर बंद करा आणि सरळ जा. पुढच्या कटला दोन मिनिटं लागतील.

> सावधान: थांबताना चाकं सरळ ठेवा. आधीच उजवीकडे तोडून ठेवलेल्या चाकांच्या गाडीला मागून धक्का बसला, तर ती थेट समोरच्या वाहतुकीत ढकलली जाते. चाकं सरळ असतील तर ती तुमच्याच लेनमध्ये पुढे सरकते.

टप्पा ४: खांबांच्या पलीकडे बघणं

आपण डावीकडून चालतो, त्यामुळे उजवीकडे वळताना समोरची वाहतूक तुमच्या डाव्या हाताने येते. ड्रायव्हर मात्र उजवीकडे बसलेला. मध्ये शेजारी बसलेली व्यक्ती, तिची पर्स, आणि काचेच्या डाव्या कडेचा गाडीचा खांब. या जाड खांबामागे अख्खी मोटारसायकल लपते, आणि तुमची गाडी हळू फिरत असताना ती त्याच खांबामागे लपलेलीच राहू शकते. म्हणून नुसती मान वळवून भागत नाही. पाठ सीटवरून उचला, पुढे झुका, मग मागे व्हा. डोकं एक वीत हललं की लपलेली जागा उघडी पडते. शेजारच्या माणसाला सीटला टेकून बसायला सांगा.

त्यात मेट्रोचे खांब. तुमच्या लेनमध्ये सरळ उभं राहून समोर बघितलं, तर खांबांची रांग तिरक्या कोनातून दिसते आणि तिची जवळजवळ सलग भिंत होते. दोन खांबांमधून बस दिसते, स्कूटर दिसत नाही. गाडी जसजशी उजवीकडे फिरते, तशा फटी उघडत जातात, पण इथे आणखी एक अडचण आहे. तुमचे डोळे बंपरच्या सुमारे दोन मीटर मागे असतात. कटच्या तोंडालाच खांब असेल, तर डोळे खांबाच्या पुढे येईपर्यंत बंपर समोरच्या फास्ट लेनमध्ये गेलेला असतो.

माझं मत स्पष्ट आहे. बंपर डिव्हायडरच्या पलीकडच्या कडेला आणल्यावरही रस्ता दिसत नसेल, तर तो कट सिग्नलशिवाय वापरण्यासारखा नाही. रोजचा रस्ता असला तरी नाही.

किती दिसायला हवं? विद्यार्थ्यांचा वेळ मी घड्याळ लावून मोजतो. ब्रेक सोडल्यापासून लेनमध्ये सरळ होऊन वेग पकडेपर्यंत सहा ते आठ सेकंद जातात. सात धरू. ताशी ५० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर येते, म्हणजे सात सेकंदांत जवळजवळ १०० मीटर. ताशी ६० असेल तर ११७ मीटर. मेट्रोचे खांब साधारण २५ मीटरच्या आसपास अंतराने असतात, स्टेशनजवळ आणि चौकात हे अंतर बदलतं. त्यामुळे मोजमाप सोपं होतं: समोरून येणारं सर्वांत जवळचं वाहन पाचव्या खांबाच्या पलीकडे असेल तरच निघायचं. पावसात सहावा खांब धरा, कारण तुम्हीही हळू निघाल आणि त्याचा ब्रेकही उशिरा लागेल.

दुचाकीच्या बाबतीत डोळा फसवतो. लहान वस्तू आहे त्यापेक्षा लांब आणि हळू येतेय असं वाटतं. रात्री तिचा एकच दिवा मागच्या कारच्या दोन दिव्यांत मिसळून जातो. म्हणून दुचाकीचं अंतर अंदाजाने ठरवू नका, खांब मोजा. पाचाच्या आत असेल तर तिला जाऊ द्या.

> तपासा: डावीकडे बघून झालं की एकदा उजवीकडेही बघा. समोरच्या रस्त्यावरून, डिव्हायडरच्या कडेने, याच कटकडे उलटं येणारं कुणीतरी असू शकतं. कटमधून रस्ता ओलांडणारे पादचारीही तिथेच उभे असतात, आणि त्यांना आधी जाऊ द्यायचं असतं.

टप्पा ५: हात दाखवणाऱ्यावर विसंबू नका

एक प्रसंग सांगतो. संध्याकाळी सातची वेळ, माझी एक विद्यार्थिनी स्टिअरिंगवर, आम्ही कटमध्ये थांबलेलो. समोरच्या मधल्या लेनमध्ये एक बस आली, फास्ट लेन रिकामी होती. बसच्या चालकाने वेग कमी केला, थांबला आणि हात दाखवला, जा. माणूस भला होता. तिने हसून मान हलवली आणि ब्रेक सोडला. मी माझ्या बाजूचा ब्रेक पूर्ण दाबला. बसच्या उजवीकडून, त्या रिकाम्या फास्ट लेनमधून, एक मोटारसायकल सरळ निघून गेली. आमचा बंपर आणि तिचं हँडल यांच्यात हातभर अंतर राहिलं असेल.

बसच्या चालकाला ती मोटारसायकल दिसत नव्हती. मोटारसायकलवाल्याला आम्ही दिसत नव्हतो. त्याला दिसली ती फक्त विनाकारण थांबलेली बस, आणि थांबलेल्या बसला आपण सगळेच बगल देतो. वळताना होणाऱ्या टकरींत हा प्रकार मला सर्वांत क्रूर वाटतो, कारण त्यात कुणीच बेफिकीर नसतो.

कुणी थांबून जागा दिली तर आधी त्याच्या शेजारच्या लेनचा विचार करा. ती डोळ्यांनी दिसत नसेल, तर हात जोडून नकार द्या आणि त्याला जाऊ द्या. मागचे हॉर्न वाजवतील. त्यांना पुढचं दिसत नसतं.

असाच धोका कटमध्ये दोन गाड्या शेजारी शेजारी लागल्या की होतो. तुमच्या डावीकडे, बाहेरच्या बाजूने, एक टेम्पो येऊन उभा राहतो आणि समोरून येणारा रस्ता पूर्ण झाकतो. तो निघाला म्हणून त्याच्या आडोशाने तुम्हीही निघू नका. तो तुमच्यासाठी बघत नाही, आणि तुमच्या वेगानेही फिरत नाही. त्याला जाऊ द्या, मग नव्याने खांब मोजायला सुरुवात करा.

टप्पा ६: निघणं आणि लेनमध्ये उतरणं

जागा मिळाली की रेंगाळायचं नाही. पहिल्या गिअरमध्ये, स्टिअरिंग पूर्ण तोडून, एकाच लयीत फिरा. स्टिअरिंग अर्धं फिरवून सुरुवात केली तर वळण मोठं होतं आणि तुम्ही तिसऱ्या लेनपर्यंत जाता. त्याच वेळी डावीकडच्या दुकानासमोरून एखादी रिक्षा निघत असते.

गाडी सरळ होऊ लागली की मागून येणारी वाहतूक आता आरशात आलेली असते. डावा आरसा आधी बघा, कारण वळताना तुमचा बाहेरचा भाग मधल्या लेनमध्ये शिरलेला आहे. मग जिथे उतरलात तीच लेन धरा आणि वेग वाढवा. वळल्या वळल्या डावीकडच्या पेट्रोल पंपावर किंवा गल्लीत जाण्यासाठी तीन लेन तिरक्या कापणं, ही शेवटची आणि फार नेहमीची चूक आहे. पन्नास मीटर सरळ जा, डावा इंडिकेटर द्या, एकेक लेन करून डावीकडे या. गल्ली मागे पडली तर पडू द्या.

अर्ध्यात अडकलात तर

निघालात आणि पाचव्या खांबाच्या आत अचानक कुणीतरी दिसलं, असं कधीतरी होणार. तेव्हा बंपर कुठे आहे यावर निर्णय ठरतो.

बंपर अजून डिव्हायडरच्या आत असेल तर थांबा. बंपर फास्ट लेनमध्ये मीटरभर गेला असेल, तरी थांबा आणि हॉर्न द्या. समोरच्याला तुमच्या पुढून जायला डावीकडे जागा आहे, तो बगल देऊ शकतो. पण अर्धी गाडी बाहेर आली असेल, तर थांबू नका, वळण पूर्ण करा. आडवी उभी गाडी दोन लेन बंद करते आणि समोरच्याला कुठे जावं ते कळत नाही. फिरती गाडी निदान जागा मोकळी करत असते.

रिव्हर्स कुठल्याही परिस्थितीत नको. तुम्ही निघालात त्या क्षणी तुमच्या मागचा पुढे सरकलेला असतो, आणि बहुतेक वेळा तो स्कूटरवर असतो, आरशाच्या खाली, मागच्या काचेत न दिसणारा.